नमुने मोफत, तांत्रिक मदत सोबत

विश्वनाथ वैरागडे यांनी आयुष्यात दगडाशिवाय दुसरं काही विकलं नाही, आणि दगड विकायला पत्र लिहावं लागतं हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. तोवरचा त्यांचा अनुभव असा, की गिऱ्हाईक दुकानात येतं, चहा पितं, फरशीवर चप्पल घासून बघतं, 'बाजूवाला कमी सांगून राहिला' म्हणतं आणि शेवटी घेऊन जातं. आता गिऱ्हाईक येत नव्हतं. त्याचं सगळं आर्किटेक्ट ठरवत होते, आणि आर्किटेक्ट चप्पल घासत नाहीत. ते लांबून डोळे बारीक करतात आणि 'टेक्श्चर' म्हणतात.

ही बातमी दुकानात आणली रोशनने. रोशन हा त्यांचा विक्री सांभाळणारा माणूस. तिशीचा, लग्न झालेला, आणि कोणत्याही संकटावर मेल हा उपाय आहे अशी श्रद्धा असलेला. दुकान पूर्वी नागपूरच्या महाल भागात होतं. तीन वर्षांपूर्वी ते नंदनवन वस्तीत आलं, नावही बदललं, आणि त्याच सुमारास रोशन आला. त्यामुळे आधीचं नाव काय होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं.

"काकाजी, आपण शहरातल्या सगळ्या आर्किटेक्ट आन् इंटिरियरवाल्यांले मेल टाकू," तो म्हणाला.

"ओळख ना पाळख, कायले वाचतील गा ते?"

"ओळख नसते म्हणूनच तर टाकतात. त्याले कोल्ड मेल म्हणतात."

नागपुरात मे महिना चालू होता. थंड म्हणवणारी कोणतीही गोष्ट करून पाहायला विश्वनाथरावांची हरकत नव्हती.

पहिला मसुदा त्यांनी स्वतः लिहिला. त्यात 'चार दशकांची उज्ज्वल परंपरा' होती, 'आपल्या कृपाछत्राची अपेक्षा' होती आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' होतं. रोशनने तो उभ्याने वाचला.

"काकाजी, हे दगडाचं नाही वाटत. हे तेरवीचं वाटून राहिलं."

मग त्याने कात्री लावली. जे उरलं ते इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर इतकंच: नमस्कार. आपला परिचय नाही. आम्ही नागपुरात इमारतीच्या बाहेरच्या भिंतींसाठी वाळूखडक आणि ग्रॅनाइट पुरवतो. नमुन्यांची पेटी आपल्या ऑफिसात मोफत पोचवू, सोबत प्रत्येक दगडाची जाडी, वजन आणि तो किती पाणी पितो याचा चाचणी अहवाल. दगड कुठे लावावा, कशावर लावावा, असे प्रश्न असतील तर आमची तांत्रिक टीम उत्तर देईल आणि गरज पडल्यास साइटवर येईल. पुढच्या आठवड्यात पेटी पाठवू का?

"आन् हे तांत्रिक टीम कोण?" विश्वनाथरावांनी विचारलं.

"तुम्ही, काकाजी."

"मी एकटा?"

"टीमच आहे ती. लहान आहे."

नावांची यादी रोशनने प्रदर्शनातल्या व्हिजिटिंग कार्डांवरून, आर्किटेक्टांच्या वेबसाइटांवरून आणि एका प्लायवुडवाल्या मित्राकडून मिळवली. एकदम सगळ्यांना टाकलं तर मेल कचऱ्याच्या पेटीत जाते, म्हणून तो रोज थोड्या थोड्या टाकायचा. प्रत्येक मेलच्या डोक्यावर ज्याचं त्याचं नाव आपोआप येत असे. हा चमत्कार विश्वनाथरावांना फार आवडला. लग्नपत्रिकेवर हाताने नावं लिहिण्यात त्यांचं अर्धं तारुण्य गेलं होतं.

उत्तरं आली. एकाने कळवलं, की तो जूनपर्यंत रजेवर आहे. एकीने कळवलं, की पुन्हा लिहू नका. धरमपेठेतल्या एका नामवंतांनी दगडाबद्दल काही न विचारता 'आर्किटेक्टला किती देता' एवढंच विचारलं. एक उत्तर दुसऱ्या दगडवाल्याचं होतं. तो म्हणत होता, माझ्याकडे याहून स्वस्त आहे.

पाचवं उत्तर रोशनने मोठ्याने वाचून दाखवलं.

"काकाजी, ही खरी पार्टी. अपेक्षा ठवरे. एका ट्रस्टची अभ्यासिका बांधून राहिली, दुमजली. म्हणते, नमुने पाठवा. आन् म्हणते, 'तुम्ही तांत्रिक मदत देतो असं लिहिलंय. बहुतेक पुरवठादार दगड गाडीतून उतरवतात आणि दिसेनासे होतात. तुम्ही दगड कसा लावायचा हे लेखी द्याल का?' फाटक्या तोंडाची दिसते."

विश्वनाथरावांच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, मग पुन्हा उचलली, आणि पुन्हा ठेवली.

"दे," ते म्हणाले. "लेखी देतो म्हण."

अपेक्षा ठवरे ही लग्नाआधी अपेक्षा वैरागडे होती.

बापलेकीचं बोलणं सहा वर्षांपासून बंद होतं. नातेवाइकांनी याचं कारण आपापसांत केव्हाच ठरवून टाकलं होतं: पोरीने जातीबाहेर लग्न केलं. प्रत्यक्षात त्या लग्नात विश्वनाथराव वरातीपुढे नाचले होते, आणि जावई अश्विन त्यांना मुलीपेक्षा समजूतदार वाटायचा. भांडण दगडावरून होतं. पण बापलेकीचं दगडावरून बिनसू शकतं, हे कुणाला पटत नसे. म्हणून त्यांनी सांगणं सोडून दिलं.

अपेक्षाचं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एका दातांच्या डॉक्टरचा दवाखाना. तिने पुढच्या भिंतीला दगड दाखवला, आणि तो दगड पोलादी पट्ट्यांनी आणि खिळ्यांनी भिंतीवर अडकवायचा, असं ड्रॉइंगमध्ये स्पष्ट काढलं. माल अर्थातच बापाच्या दुकानातून आला. दुकानाचं नाव तेव्हा 'अपेक्षा मार्बल्स' होतं. विश्वनाथराव साइटवर गेले, ड्रॉइंग पाहिलं आणि मिस्त्रीला म्हणाले, या पट्ट्याफिट्ट्या मोठ्या शहरातली फॅशन आहे. आपण जन्मभर सिमेंटनेच लावतो. लाव सिमेंटने. डॉक्टरचे पैसे वाचले, डॉक्टर खूश झाला. अपेक्षा तेव्हा तापाने अंथरुणात होती.

नागपूरचं ऊन भिंतीला दिवसभर फुगवतं आणि रात्री आवळतं. दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी वरच्या ओळीतले दगड सुटले आणि खाली उभ्या स्कूटरवर पडले. स्कूटरवर कुणी नव्हतं. स्कूटर मात्र डॉक्टरच्या सासऱ्यांची होती.

डॉक्टरने सगळ्यांना बोलावलं. कुणाची चूक, असं विचारलं. आणि विश्वनाथराव म्हणाले, "ड्रॉइंग तिचं आहे. आम्ही फक्त माल देतो."

असं म्हणायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण हे वाक्य दगडाच्या धंद्यातला प्रत्येक माणूस शिंकल्यासारखं म्हणतो. बिलाच्या खाली छापलेलं असतं, गाडीच्या ड्रायव्हरला पाठ असतं. भिंत खचू दे, फरशी फुगू दे, आम्ही फक्त माल देतो. ते वाक्य तोंडातून निघून गेलं, आणि समोर मुलगी बसली होती. तिने वाद घातला नाही. ड्रॉइंगची गुंडाळी केली, रबर लावलं आणि डॉक्टरला म्हणाली, "मी पुन्हा करून देते." मग ती निघून गेली, आणि तशी गेली ती गेलीच.

तीन वर्षं विश्वनाथराव तिच्या नावाच्या पाटीखाली बसून राहिले. ते सोसवेना, तेव्हा दुकान हलवलं आणि पाटी बदलली. नवं नाव 'व्ही. व्ही. सरफेसेस'. मधल्या काळात त्यांनी एक केलं. त्या पोलादी पट्ट्यांचं काम ते शिकले. पुण्याला जाऊन आले, कंपन्यांच्या प्रशिक्षणात पोराटोरांमध्ये बसले, कागदावर आकृत्या काढल्या. का, ते कुणी विचारलं नाही. आणि अपेक्षाला यातलं काही कळण्याची सोय नव्हती. ती आईला, म्हणजे कांताबाईंना, दर रविवारी फोन करायची. पण 'बाबांचा विषय काढलास तर ठेवते' ही तिची अट होती. कांताबाई ती निमूट पाळायच्या, आणि विश्वनाथराव त्या वेळेला नेमके पोहे खायला बाहेर जायचे.

तर आता तिने मेल केली होती. अनोळखी दुकानाला.

रोशनला त्यांनी काही सांगितलं नाही. कांताबाईंनाही नाही. पेटी मात्र स्वतः भरली. प्रत्येक नमुना पुसला, पाठीमागे चिठ्ठी चिकटवली, कडा घासल्या. नमुन्यात कंपन्या नेहमी सगळ्यात देखणा तुकडा पाठवतात. यांनी प्रत्येक जातीचे दोन तुकडे टाकले: एक देखणा, आणि एक रेघ असलेला, रंग उतरलेला. वर लिहिलं, ट्रकमधून दोन्ही येतात.

"काकाजी, तुम्ही धंदा बुडवून राहिले," रोशन म्हणाला.

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'रेघवाला तुकडा पाठवणारे तुम्ही पहिले. आता मुद्द्याचं. माझी भिंत हलक्या सिमेंट ब्लॉकची आहे. तुमच्या पट्ट्या त्यात धरतील का?'

विश्वनाथरावांनी डोळे मिटून उत्तर सांगितलं. रोशन टंकत गेला. ते जे वऱ्हाडीत बोलत, ते तो कॉम्प्युटरच्या मदतीने गोंडस इंग्रजीत करायचा. 'त्या ब्लॉकात खिळा मारू नका, मरणाचा सुटन तो' याचं 'आम्ही अशा ब्लॉकमध्ये थेट जोडणीची शिफारस करत नाही' असं व्हायचं. पुढे त्यांनी सांगितलं: वजन ब्लॉकवर टाकू नका. खालच्या काँक्रीटच्या बीमपासून वरच्या बीमपर्यंत लोखंडी चौकट उभी करा, गंज न लागणारी. चौकट बीमला ठोका, आणि दगड चौकटीला अडकवा. दगडादगडांत फट ठेवा, ती सिमेंटने भरू नका, लवचीक भरा. उन्हात दगडाला अंग ताणायला जागा लागते. आणि पश्चिमेच्या भिंतीला आमचा वाळूखडक लावूच नका. तिथे दुसरं काही घ्या, आमच्याकडचं नको.

"हे शेवटचं काढतो," रोशन म्हणाला.

"राहू दे."

"आपण विकून राहिलो का अडवून राहिलो, काकाजी?"

"राहू दे म्हटलं नं."

तिची उत्तरं लांबत गेली. आधी दोन ओळी, मग परिच्छेद. ती आकृती पाठवायची, हे चूक दाखवायचे, ती दुरुस्त करायची, कधी यांचीच चूक काढायची. एकदा तिने लिहिलं, 'तुमच्या टीममध्ये जे कोणी हे लिहितात त्यांना माझे आभार सांगा. कुठे लावू नये हे सांगणारा दगडवाला मला पहिल्यांदा भेटतोय. एकदा फार महागात पडलंय, म्हणून विचारते सारखं.'

रोशनने हे वाचलं आणि विश्वनाथरावांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

"काकाजी, मॅडम खूश आहेत."

"लिही," ते म्हणाले. "लिही, की महागात पडलं ते तुमच्या चुकीने नाही पडलं."

"आपल्याले काय मालूम कोणाच्या चुकीने पडलं?"

"लिही नं गा."

"असं नाही लिहीत धंद्यात." रोशनने जबाबदारीने मान हलवली. त्याने लिहिलं, 'आपल्या मोलाच्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद.'

त्या दिवसांत विश्वनाथराव घरी गुणगुणायला लागले. कांताबाईंना आधी साखर वाढल्याची शंका आली.

"काय झालं हो? दुकानात काही चांगलं झालं का?"

"एक पार्टी आहे. शंका फार विचारते."

"मग त्रास देते म्हणा की."

"हाव. लय त्रास देते," ते म्हणाले, आणि दुसरी पोळी मागितली.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. बायकोला, निदान मुलीला. रोज सकाळी ते ठरवायचे, की आजच्या मेलच्या खाली स्वतःचं नाव घालायचं. पण रोज मनात यायचं, नाव घातलं की ही बंद होईल. मग रोशन 'तांत्रिक टीम' असं लिहायचा, आणि तो दिवस निघून जायचा. सहा वर्षं जिचा आवाज नव्हता, ती रोज सकाळी विचारत होती, फट किती ठेवू. हे कुणाच्याने मोडवेल?

मग तिने मॉक-अप मागितला. म्हणजे पूर्ण भिंत लावण्याआधी साइटवर एक तुकडा खराखुरा लावून दाखवायचा: चौकट, पट्ट्या, दगड, फटी, सगळं. ट्रस्टचे लोक तो पाहणार, आणि मग ठरवणार. लावायचं काम कारागीर करून आले, रोशन टेम्पो घेऊन सोबत होता, आणि ते उत्तम झालं. पाहणीच्या दिवसाबद्दल तिने लिहिलं: 'तांत्रिक टीमने स्वतः यावं. विश्वस्तांचे प्रश्न असतील. आणि मला त्या टीमला भेटायचंही आहे.'

"तू जा," विश्वनाथराव म्हणाले.

"मी जाऊन काय सांगू? मले तर तो दगड सरळ का उलटा तेही समजत नाही."

ते खरं होतं. आणि 'मला त्या टीमला भेटायचंही आहे' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं, की ते आपल्यालाच उद्देशून आहे असं त्यांना वाटू लागलं होतं. होतंही तसंच. फक्त लिहिणारीला ते माहीत नव्हतं.

त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. रस्त्यात रोशनला सगळं सांगितलं. टेम्पो दोनदा बंद पडला, पण तो क्लचवरून सुटलेल्या रोशनच्या पायामुळे.

"काकाजी, तुमची पोरगी? आन् मी तिले 'मोलाच्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद' लिहून राहिलो होतो?"

साइटवर अपेक्षा पाठमोरी उभी होती, डोक्यावर पिवळी टोपी. शेजारी ट्रस्टचे सचिव मधुकरराव होते: पांढरे कपडे, हातात काठी, आणि आवाजात कायम आभारप्रदर्शन.

"या, या! हीच का टीम? मॅडम किती कौतुक करून राहिल्या तुमचं!"

अपेक्षा हसत वळली. ते हसू विश्वनाथरावांनी पुरतं पाहिलं. ते अनोळखी माणसासाठी होतं, आणि पुढच्याच क्षणी चेहऱ्यावरून उतरलं.

मिक्सर फिरत होता.

"ओळख आहे काय आधीची?" मधुकररावांनी विचारलं.

ती नाही म्हणू शकली असती. रोशनला वाटलं, म्हणेल.

"हे माझे वडील," ती म्हणाली.

मधुकररावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "अरे वा. वडील. वा." मग हळूच, "पण मॅडम, परवाच्या मीटिंगमध्ये मी मुद्दाम विचारलं होतं, की या फर्मशी आपला काही संबंध…"

"मी नाही म्हणाले होते. मला माहीत नव्हतं."

"हो, हो. होतं असं. कामाच्या गर्दीत."

"मला खरंच माहीत नव्हतं."

"मी कुठे काय म्हणालो? आमचा पूर्ण विश्वास आहे." त्यांच्या चेहऱ्यावर अतिशय सभ्य असा अविश्वास पसरला होता. मागच्या कामात त्यांच्या आर्किटेक्टने फरशीवाल्याकडून टक्केवारी खाल्ली होती. ही मुलगी खात नाही, अशी तिची ख्याती होती, म्हणून तिला काम दिलं होतं.

विश्वनाथरावांना कळलं, की आपण पुन्हा तिथेच येऊन उभे राहिलो. तोच प्रश्न, तीच मुलगी, समोर तिचं गिऱ्हाईक. या वेळी ते पुढे झाले.

"साहेब, चूक माझी आहे. सगळी. यांना खरंच माहीत नव्हतं. नाव लपवलं ते मी. हिचा यात काही हात नाही."

सहा वर्षं त्यांनी हे वाक्य मनात तयार ठेवलं होतं. ते ठणठणीत निघालं. मधुकररावांनी ते आदराने ऐकलं, जवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बापच तुम्ही," ते म्हणाले. "दुसरं काय म्हणणार? मीही हेच म्हटलं असतं."

विश्वनाथरावांनी मदतीसाठी मागे पाहिलं, तर मागे फक्त रोशन होता. टीम लहान होती.

मधुकररावांनी मॉक-अप पाहिला, छान आहे म्हणाले आणि गाडीत बसून गेले. अपेक्षा वाळूच्या ढिगाजवळ उभी राहिली. रोशनला एकाएकी टेम्पोची हवा तपासावीशी वाटली.

"अपू," विश्वनाथराव म्हणाले.

"मेल तुम्ही लिहीत होते?"

"सांगत होतो. इंग्रजी त्या रोशनचं."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिने टोपी काढली. केस घामाने चिकटले होते. "मी घरी सांगत होते, बाबा. अश्विनला. रोज. म्हटलं, असा एक माणूस भेटलाय. म्हटलं, माझ्या बापाच्या जागी हा असता तर." ती थांबली. "असं म्हणाले मी."

"मीच होतो नं तो."

"मग तेव्हा काहून नव्हते?"

त्यांनी मॉक-अपकडे पाहिलं. दगड चौकटीत नीट बसले होते, फटी एकसारख्या होत्या.

"नाव घातलं असतं, तर वाचलं असतं तू?"

"नाही," ती म्हणाली. ती खोटं बोलत नसे, हाच तिचा त्रास होता. "पण आज त्यांच्यापुढे खोटारडी तरी ठरले नसते. मागच्या वेळी तुम्ही एक वाक्य बोलले, आन् मी बुडाले. या वेळी बोलले नाही, तरी मीच बुडाले. आता मी काय करू, सांगा नं. तांत्रिक मदत देता नं तुम्ही?"

हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. तिला सवय लागली होती. उत्तर तिथूनच यायचं.

त्यांनी विचार केला, आणि जसं पश्चिमेच्या भिंतीबद्दल सांगितलं होतं, तसंच सांगितलं. "माझा माल घेऊ नको. मी आजच ट्रस्टले लिहितो, की आम्ही माघार घेतो. दोन दुसऱ्या दुकानांची नावं देतो, चांगली आहेत. चौकटीचं सगळं तुझ्याजवळ आहेच, ते कुणालेही दे. मॉक-अप काढून नेतो, भिंत होती तशी करून देतो. म्हणजे कोणाले म्हणायले जागा नाही."

"आणि मग?"

"मग काही नाही. मग तू आन् मी एकमेकाले लिहायचं नाही. काम चालू आहे तोवर तरी नाही. कोणी पाहिलं तर म्हणन, आतून चालू आहे."

अभ्यासिकेचं काम दोन वर्षं चालणार होतं. त्या दोघांनाही ते माहीत होतं. तिने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग मान हलवली. उत्तर बरोबर होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पाठवा लिहून."

विश्वनाथरावांनी ती मेल रोशनला न सांगता स्वतः लिहिली, मराठीत, एका बोटाने. 'काही कारणाने' असं न लिहिता कारणासकट लिहिलं. ट्रस्टने त्या मेलची तातडीने दखल घेतली. ठराव झाला, की आर्किटेक्ट मॅडमवर विश्वस्त मंडळाचा पूर्ण विश्वास आहे, सबब यापुढे खिळ्यापासून प्रत्येक वस्तूला तीन कोटेशन आणि दोन विश्वस्तांच्या सह्या लागतील. दगडाऐवजी रंग देण्यात येईल. रंग मधुकररावांच्या सूनबाई निवडतील.

कांताबाईंना त्यांनी त्या रात्रीच सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ती शंका विचारणारी पार्टी…" आणि ताट उचलून आत गेल्या. आतून नळ बराच वेळ वाहत राहिला.

मॉक-अप काढायला ते सकाळी गेले. कारागीर मिळाला नाही म्हणाले. मिळाला असता, पण ते स्वतःच चढले. साइटचा सुपरवायझर हर्षित चहा घेऊन आला.

"काकाजी, मॅडमने सांगितलं, अकराच्या आत आटपून घ्या म्हणून. त्या नंतर येतात."

"आटपतो."

दगड एकेक करून उतरवले. रोशन खाली झेलत होता आणि गोणपाटात गुंडाळत होता. चौकट सोडवली. बीममध्ये खिळ्यांची भोकं उरली. ती तशीच ठेवली, तर पावसाचं पाणी आत शिरून बीमच्या लोखंडाला गंज धरतो. ती फुंकून साफ केली, मसाला भरला, बोटाने दाबला, कडा पुसल्या. शेवटच्या भोकापाशी विश्वनाथराव जरा थांबले. वरून रस्ता दिसत होता. फाटकापलीकडे, पानठेल्याच्या पुढे, अश्विनची पांढरी गाडी उभी होती. काच बंद. आत कुणीतरी बसलं होतं. डोक्यावर पिवळी टोपी होती.

"रोशन, वाजले किती?"

"अकराला अजून वेळ आहे काकाजी, आरामात उतरा. चहा ठेवलाय."

गाडीतली बाई घड्याळाकडे पाहत नव्हती. इकडेच पाहत होती, की इकडे न पाहण्यासाठी मान धरून बसली होती, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. हात केला असता तर तिला दिसला असता. विश्वनाथरावांचा हात मसाल्याने भरला होता. तो त्यांनी सदऱ्याला पुसला, आणि मग तो मोकळा हात त्यांनी शिडीला धरला आणि खाली उतरले.

चहा तसाच राहिला. टेम्पोत बसून त्यांनी दार ओढून घेतलं.

"मागच्या फाटकाने काढ," ते म्हणाले.

"मागून लांब पडते, काकाजी. आन् रस्ता खोदलेला आहे."

"पडू दे. चाल गा लवकर. मॅडम खोळंबून राहिल्या."